दुकानाच्या अग्रीमेंटचं मराठी भाषांतर दुकानदाराला समजावताना: लॉक-इन, भाडेवाढ, डिपॉझिट

घरात कुणी एक जण जरा इंग्रजी वाचणारा असला की दुकान भाड्याने घेताना ते वीस-पंचवीस पानांचं अग्रीमेंट त्याच्याच पुढ्यात येतं, सोबत कुणाकडून तरी करून घेतलेलं मराठी भाषांतर असतं आणि काका म्हणतात, बघ रे, सही करू का? मी भाषांतराचं काम करतो त्यामुळे माझ्याकडे असे काका बरेच येतात. त्यातली तीन कलमं अशी आहेत की ती नीट समजावली तर बाकी अग्रीमेंट निम्मं समजल्यासारखं आहे, आणि ही तिन्ही वेगवेगळी वाचली तर काहीच कळत नाही कारण ती एकमेकांत अडकलेली असतात. पहिल्यांदाच हे काम अंगावर आलेल्यांसाठी, मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितोय.

आधी बघा, सही कुठल्या कागदावर होणार आहे

भाषांतर वाचायला घ्यायच्या आधी मूळ अग्रीमेंटच्या शेवटच्या दोन-तीन पानांवर जा. तिथे बहुतेक वेळा भाषेबद्दल एक कलम असतं, की दोन प्रतींमध्ये फरक आढळला तर अमुक भाषेतली प्रत ग्राह्य धरली जाईल. ते कलम नसलं तरी साधा हिशोब असा की ज्या कागदावर सही झाली तो करार, भाषांतर म्हणजे तो समजायला घेतलेला चष्मा. काकांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, कारण लोक भाषांतरावर पेनाने खुणा करून, मालकाशी त्यावरच बोलून मोकळे होतात आणि मूळ प्रतीत एक अक्षर बदललेलं नसतं.

मग दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि कलमांचे नंबर जुळतात का तेवढं बघा. भाषांतरात एखादं पोटकलम गाळलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, मुद्दाम नाही, पान उलटताना राहून जातं.

आणि एक, मालक कोण आणि भाडेकरू कोण हे शब्द. मूळात लेसर आणि लेसी असतं, सरकारी वळणाच्या भाषांतरात त्याचं पट्टाकार आणि पट्टेदार होतं. हे दोन शब्द इतके सारखे दिसतात की भाषांतर करणाराच पाचव्या पानावर अदलाबदल करून बसतो. मी सरळ दोन रंगांचे हायलायटर घेतो, मालक पिवळा आणि दुकानदार हिरवा, आणि तिन्ही कलमांत कर्ता रंगवत जातो. पोरकट वाटेल पण पुढे बघा याचा उपयोग.

लॉक-इन: कोण अडकलंय ते शोधा

भाषांतरात याला कधी बंधन काळ म्हणतात, कधी अवरुद्ध कालावधी, कधी नुसतं लॉक-इन. काकांना सांगताना लॉक-इनच म्हणा, त्यांनी तोच शब्द ऐकलेला असतो. अर्थ एवढाच की इतके महिने करार मधेच सोडता येणार नाही.

आता गंमत इथे आहे. मराठीत आपण हे वाक्य कसं लिहितो? "लॉक-इन काळात करार रद्द करता येणार नाही." एकदम छान मराठी, वाचायला सोपं, पण कर्ता कुठे आहे? कुणाला रद्द करता येणार नाही? मागे एक जण असंच वाक्य घेऊन आले होते, म्हणाले बरं झालं, तीन वर्षं मालक मला काढू शकत नाही. मूळ काढलं तर तिथे स्पष्ट होतं की लेसीला रद्द करता येणार नाही, आणि पुढच्याच पोटकलमात लेसरला मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही जागा परत मागता येत होती. म्हणजे त्यांना जी आपली सुरक्षितता वाटत होती ती प्रत्यक्षात त्यांच्याच पायातली बेडी होती. भाषांतर चुकलेलं होतं असंही म्हणता येत नाही, मराठीच्या सवयीप्रमाणे कर्ता गळला होता एवढंच. म्हणून हायलायटर. ज्या वाक्यात रंग भरायला कर्ताच सापडत नाही, त्या वाक्यापाशी थांबायचं आणि मूळ उघडायचं.

लॉक-इन दोघांवर असलं तर ठीक, फक्त दुकानदारावर असलं तर मालकाला विचारायचं की आम्ही फर्निचर, लाईट, बोर्ड यावर खर्च करणार, आम्हाला निदान तेवढा काळ इथून न हलण्याची हमी का नाही? बरेच मालक या एका मुद्द्यावर ऐकतात. भाडं थकवलं तर काढता येईल एवढी सूट मालकाला द्यावीच लागते, ती रास्त आहे.

दुसरं बघायचं ते लॉक-इन कधीपासून मोजलंय. ताबा मिळाल्याची तारीख, करारावर सही झाल्याची तारीख आणि भाडं सुरू होण्याची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. दुकान लावायला दोन महिने बिनभाड्याचे मिळाले असतील आणि ३६ महिन्यांचं लॉक-इन भाडं सुरू झाल्यापासून असेल तर ताब्यापासून ते ३८ महिने झालं. भाषांतरात तिन्ही तारखांना नुसतं "करार सुरू झाल्यापासून" लिहिलेलं मी पाहिलंय.

तिसरं, नोटीस. "लॉक-इन संपल्यानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येईल" या वाक्यात नोटीस लॉक-इन संपल्यावर द्यायची आहे, म्हणजे ३६ नाही तर ३९ महिन्यांचं भाडं धरून चाला. काकांना नोटीस ३३व्या महिन्यात देऊन ३६ संपताच निघायचं असेल तर तसं शब्दांत लिहून घ्यायला लागतं, की नोटिशीचा काळ लॉक-इनच्या शेवटच्या महिन्यांत चालू शकेल. हे एक वाक्य तीन महिन्यांच्या भाड्याइतक्या किमतीचं आहे आणि मागितलं तर सहसा मिळतं, फक्त मागत कुणी नाही.

मधेच सोडलं तर काय, हा आकडा भाडेवाढीशिवाय निघत नाही, म्हणून आधी ती.

भाडेवाढ: टक्क्याआधी तारीख आणि पाया बघा

आकडे सोयीचे घेऊ. भाडं महिना ५०,०००, करार पाच वर्षांचा, डिपॉझिट सहा महिन्यांचं म्हणजे ३,००,०००, लॉक-इन ३६ महिने. वाढ दर बारा महिन्यांनी ५ टक्के. कागद घ्या आणि काकांसमोर हाताने लिहा, मोबाईलवर नुसता आकडा दाखवू नका, लिहिताना त्यांचे प्रश्न येतात.

पहिलं वर्ष ५०,०००. दुसरं ५२,५००. तिसरं ५५,१२५. चौथं ५७,८८१ आणि पाचवं ६०,७७५, वरचे पैसे सोडून दिलेत. तिसऱ्या वर्षी ५५,००० न होता वर १२५ कुठून आले, हा प्रश्न काकांनी विचारला की समजायचं गाडी रुळावर आहे. ते आले कारण वाढ शेवटच्या भाड्यावर आहे, मूळ भाड्यावर नाही, चक्रवाढ व्याजासारखं. मूळ अग्रीमेंटमध्ये "लास्ट पेड रेंट" असे शब्द असतात, भाषांतरात नुसतं "भाड्यात ५ टक्के वाढ" होऊन येतं, आणि मग दुकानदार एक धरतो, मालक दुसरं.

पण खरं सांगायचं तर ५ टक्के आणि पाच वर्षं असताना यावरून भांडण्यात अर्थ नाही. चक्रवाढीने पाच वर्षांचं एकूण भाडं साधारण ३३,१५,३७९ होतं आणि मूळ भाड्यावर वाढ धरली तर ३३,००,०००. फरक पंधरा हजारांच्या आसपास, तोही पाच वर्षांत मिळून. वाढ १० टक्के असली तर हाच फरक ६३,००० च्या वर जातो, करार नऊ-दहा वर्षांचा असला तर अजून बराच. म्हणजे लहान करारात टक्का लहान असेल तर सोडा, नाहीतर धरा.

खरा पैसा दुसरीकडे असतो. मालक म्हणतो, दरवर्षी ५ टक्के नको वाटत असेल तर तीन वर्षांनी एकदम १५ करू, तेच ते. दुकानदाराला एकदम १५ ऐकून धडकी भरते आणि तो म्हणतो नको, ५-५च बरे. आता मांडा. पहिले ३६ महिने ५०,००० प्रमाणे १८,००,०००. पुढचे २४ महिने ५७,५०० प्रमाणे १३,८०,०००. एकूण ३१,८०,०००. वरच्या ३३,१५,३७९ पेक्षा हे १,३५,३७९ नी कमी! कारण उघड आहे, मधली दोन वर्षं भाडं वाढलेलंच नाही. शिवाय नवीन दुकान पहिल्या दोन-तीन वर्षांतच जास्त ओढगस्तीत असतं, त्यामुळे वाढ उशिरा येणं हे आकड्यापेक्षाही जास्त सोयीचं. फक्त लक्षात ठेवा, करार नेमका तीन वर्षं संपताना नव्याने होणार असेल तर ते १५ टक्के नव्या कराराचं सुरुवातीचं भाडं ठरवताना पाया म्हणून पुढे येतील.

आता तारीख. वाढ "दर बारा महिन्यांनी" म्हणजे कुठल्या बारा महिन्यांनी? करार सुरू झाल्यापासून मोजली आणि पहिले दोन महिने बिनभाड्याचे असले तर दहा महिने भाडं भरून झालं की अकराव्या हप्त्यालाच वाढ लागली. बिनभाड्याचे दोन महिने मिळाले म्हणून खूश होतो माणूस आणि त्यातला थोडा भाग दर वर्षी दोन महिने आधी वाढ होऊन परत जातो. इथेही लॉक-इनसारखंच, एकच तारीख धरून तिन्ही कलमं लिहून घ्यावीत.

भाड्यावरचा कर, देखभाल खर्च वगैरे वाढीच्या कलमाच्या बाहेर असतात की आत, तेवढं एकदा बघून पुढे व्हा. देखभाल खर्चाला सुद्धा तोच टक्का लागू आहे असं एखादं अर्धं वाक्य कधी कधी असतं.

मधेच दुकान बंद केलं तर: तिन्ही कलमं एका कागदावर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि काकांना सगळ्यात नकोसा. दुकान सुरू करताना बंद करायचं बोलू नये म्हणतात. तरी बसवा त्यांना.

समजा दुकान चाललं नाही आणि २० महिने संपल्यावर सोडलं. लॉक-इनचे १६ महिने उरले. नेहमीच्या कलमात असतं की लॉक-इनच्या उरलेल्या काळाचं भाडं दुकानदार देईल. लोक गुणाकार करतात सोळा गुणिले ५०,०००, आठ लाख. पण वाढ थांबलेली नाही ना. दुसऱ्या वर्षाचे उरलेले ४ महिने ५२,५०० प्रमाणे २,१०,०००, तिसऱ्या वर्षाचे १२ महिने ५५,१२५ प्रमाणे ६,६१,५००. एकूण ८,७१,५००.

इथे काका म्हणतात, पण माझे तीन लाख डिपॉझिट आहेत ना तिकडे. आहेत, आणि मालक आधी तेच कापणार. ते वजा करून वर ५,७१,५०० द्यायचे राहतात. म्हणजे दुकान सोडायचा खरा खर्च डिपॉझिट बुडण्यापुरता नाही, त्याच्या जवळपास तिप्पट आहे. बहुतेक दुकानदारांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की जास्तीत जास्त काय, डिपॉझिट जाईल. ते खरं व्हावं असं वाटत असेल तर तेच कलमात लिहून घ्यायचं: लॉक-इनमध्ये सोडल्यास मालकाला मिळणारी भरपाई डिपॉझिटच्या रकमेपुरती मर्यादित राहील. मोठे मालक मानत नाहीत, छोटे मानतात. नाहीच मानलं तर दुसरा रस्ता, उरलेल्या काळासाठी दुसरा भाडेकरू आणून द्यायची मुभा, आणि तो आला की त्या दिवसापासून आपलं देणं बंद.

बऱ्याच ठिकाणचा कायदा असंही विचारतो की मालकाचं खरं नुकसान किती झालं, त्याने महिन्याभरात जागा दुसऱ्याला दिली असेल तर सोळा महिन्यांचं भाडं कसं मागतो. ही बाजू तिथल्या वकिलाकडून जरूर समजून घ्या. पण काकांना एवढं सांगा की तो वाद घालायला वेळ आणि फी लागते, आणि तोवर डिपॉझिट मालकाच्या खात्यात असतं, आपल्या नाही.

डिपॉझिट: परत कधी, कशातून कापून

भाषांतरात अनामत रक्कम किंवा सुरक्षा ठेव. "ठेव" शब्दाने काही जणांना वाटतं यावर व्याज मिळेल, तर बहुतेक करारात ते बिनव्याजी असतं, मूळात तसा शब्द आहे का बघून सांगून टाका.

परतीचं वाक्य नीट वाचा. "करार संपल्यावर ३० दिवसांच्या आत परत" हे ऐकायला बरं वाटतं, पण ३० दिवस कशापासून? ताबा दिल्यापासून असतील तर बरं. "सर्व हिशोब पूर्ण झाल्यापासून" असतील तर हिशोब पूर्ण करणारा मालकच आहे, ते तीस दिवस सुरूच होणार नाहीत कधी कधी. दुकानदाराच्या बाजूने सगळ्यात मजबूत वाक्य म्हणजे ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी, एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने चेक. ते नाही मिळालं तर ताब्याच्या तारखेपासून ठरावीक दिवस आणि उशीर झाल्यास ठरावीक व्याज. भाडं उशिरा दिल्यावर दुकानदाराला व्याज लावणारं कलम अग्रीमेंटमध्ये असतंच, तोच दर उलट बाजूला लावा म्हणायचं, मालकाला नाही म्हणणं अवघड जातं.

काय कापता येईल? थकलेलं भाडं, वीज-पाण्याची बिलं, जागेचं नुकसान. या तिसऱ्यात सगळं भांडण. "नेहमीच्या वापरातली झीज वगळून" असे शब्द मूळात असतात आणि भाषांतरात हमखास गळतात, किंवा भाषांतरात असतात आणि मूळात नसतात कारण भाषांतर करणाऱ्याने जुन्या नमुन्यावरून उचललं. दोन्ही बघितलंय. त्याच्या जोडीला "जागा मूळ स्थितीत परत द्यावी" असं असतं. मूळ स्थिती म्हणजे नुसत्या भिंती की मालकाने दिली तशी फरशी, शटर, वायरिंगसकट? ताबा घेतानाच फोटो काढा, व्हिडिओ काढा, शटरचा नट गंजलेला असेल तर तोही जवळून घ्या, आणि एक यादी करून दोघांच्या सह्या घेऊन अग्रीमेंटला जोडा. तीन वर्षांनी फरशीचा तडा कुणाचा हे कुणालाच आठवत नाही.

अजून एक लपलेली गोष्ट, डिपॉझिट भाड्याबरोबर वाढतं का. "डिपॉझिट नेहमी सहा महिन्यांच्या चालू भाड्याइतकं राहील" असं असेल तर वरच्या उदाहरणात पाचव्या वर्षी ते ३,६४,६५० च्या आसपास गेलं, म्हणजे चार वर्षांत मिळून ६४,६५० वरून भरायचे. रक्कम थेट आकड्यात लिहिलेली असेल तर हा प्रश्न येत नाही.

आणि शेवटचे महिने डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हणून भाडं थांबवायचं, हे खूप जण करतात. अग्रीमेंटमध्ये परवानगी नसेल तर ती थकबाकी धरली जाते, व्याज लागतं आणि मालकाला कापायला आयतं कारण मिळतं. काकांना हे ठणकावून सांगा, कारण शेजारचा दुकानदार त्यांना हेच करायला सांगणार आहे. तसंच मधेच मालकाने जागा विकली तर डिपॉझिट नवीन मालक देणार की जुना, हे एका ओळीत लिहून घ्या.

मालकाकडे काय घेऊन जायचं

भाषांतर घेऊन जाऊ नका, मूळाच्या कलम नंबरासकट प्रश्नांचा एक कागद न्या. प्रश्न पाच-सहाच ठेवा: लॉक-इन कुणावर, कुठल्या तारखेपासून, नोटीस त्याच्या आत चालेल का, वाढ कशावर आणि कधी, मधेच सोडलं तर जास्तीत जास्त किती, डिपॉझिट ताब्यापासून किती दिवसांत. मालक तोंडी "अहो तसं काही करत नाही आम्ही" म्हणाला तर हसून म्हणायचं, मग लिहूनच टाकू ना. जे ठरेल ते मूळ प्रतीत दुरुस्त होऊन यायला हवं, पेनाने दुरुस्ती असेल तर प्रत्येक ठिकाणी दोघांच्या छोट्या सह्या. दुरुस्त प्रत आली की तीच तीन कलमं मूळ भाषेत पुन्हा वाचा, भाषांतरात नाही, आणि आकड्यांचा तो हाताने लिहिलेला कागद काकांच्या फाईलमध्ये अग्रीमेंटच्या वर टाचून ठेवा, दर वर्षी भाडं वाढल्याचा मेसेज आला की त्यांना तोच काढून बघायचाय.